शुल्कवाढीची सूचना

मार्च महिना उतरणीला लागला, की शाळेच्या फाटकाजवळच्या सूचनाफलकापुढे पालकांची वर्दळ वाढते. परीक्षेचे वेळापत्रक तेथे असते, सहलीचा उरलेला हिशोब असतो, हरवलेल्या छत्रीची चौकशी असते. आणि एखाद्या वर्षी ह्या सर्वांच्या मधोमध एक टंकलिखित कागद लागतो. त्यावर शाळेचा गोल शिक्का असतो, जावक क्रमांक असतो, खाली सही असते. लोक तो कागद वाचतात, पुन्हा वाचतात, आणि शेजारच्या माणसाला हळूच विचारतात, ‘म्हणजे नेमके किती भरायचे?’ शुल्कवाढीच्या सूचनेची सारी परीक्षा ह्या एका प्रश्नात आहे. सूचना वाचून झाल्यावरही ज्याला तो विचारावा लागतो, त्याच्यापुरती ती सूचना लागलेलीच नसते.

उदाहरणादाखल महाराष्ट्रातील एका मध्यम गावातली, सरकारी अनुदान न घेणारी, पहिली ते सातवीची एक शाळा डोळ्यांपुढे आणावी. शाळा कल्पित आहे, पण तिची सूचना पुष्कळ श्रोत्यांना ओळखीची वाटेल. ती अशी होती :

‘सर्व पालकांना कळविण्यात येते की, वाढती महागाई, शैक्षणिक सुविधांचा दर्जा उंचावण्याची आवश्यकता व इमारत दुरुस्ती इत्यादी बाबी विचारात घेऊन, व्यवस्थापनाच्या ठरावान्वये सन २०२६-२७ या शैक्षणिक वर्षापासून शुल्करचनेत सुधारणा करण्यात आलेली असून, इयत्ता पहिली ते चौथी व पाचवी ते सातवी यांच्या शिक्षण शुल्कात अनुक्रमे १२ टक्के व १५ टक्के वाढ करण्यात आलेली आहे. सत्र शुल्क व इतर शुल्क यांतही तदनुषंगिक फेरबदल करण्यात आलेला आहे. सदर शुल्क तीन हप्त्यांत भरावयाचे असून, पहिला हप्ता शाळा उघडल्यानंतर त्वरित व उर्वरित हप्ते दर तिमाहीस भरावेत. विलंब झाल्यास दंड आकारण्यात येईल. पालकांनी सहकार्य करावे.’

ह्या मजकुरात व्याकरणाची चूक नाही. कोठे उद्धट शब्दही नाही. परंतु त्यात एकही रक्कम नाही, एकही तारीख नाही, आणि जी कारणे दिली आहेत ती कोणत्याही गावातल्या कोणत्याही शाळेने कोणत्याही वर्षी दिली असती तरी चालली असती. पैशाविषयीच्या कागदात पैशाचा आकडा नसावा, हे प्रथमदर्शनी अशक्य वाटते; पण शुल्कवाढीच्या सूचनांत ते वारंवार घडते. सूचना लिहिणाराच्या मनात रकमा पक्क्या असतात. जुना दर सर्वांना ठाऊकच आहे असे तो गृहीत धरतो आणि फक्त फरक सांगतो. वाचणाराजवळ मात्र जुना दर नसतो. असली तर गेल्या हप्त्याची एक पावती असते, आणि तीवर तीन महिन्यांची गोळाबेरीज असते.

ह्या शाळेतली एक आई पाहावी. घरी शिवणयंत्रावर कपडे शिवून ती दोन मुले शिकवते. धाकटा येत्या जूनमध्ये दुसरीत जाणार, थोरली पाचवीत. फलकावरचा कागद तिने मुलीकडून वाचून घेतला. ‘अनुक्रमे’ हा शब्द ऐकताना तिचा थोडा घोळ झाला, कारण तो शब्द डोळ्यांसाठी आहे, कानांसाठी नाही. कोणता टक्का कोणत्या वर्गाचा हे जुळवायला मागे जाऊन पुन्हा वाचावे लागते. तरीही तिने हिशोब मांडला. पहिली ते चौथीचे शिक्षण शुल्क दरमहा १,२५० रुपये होते. त्याचे १२ टक्के म्हणजे १५० रुपये. नवा दर १,४००. पाचवी ते सातवीचे १,५०० होते. त्याचे १५ टक्के म्हणजे २२५. नवा दर १,७२५. दोघांचे मिळून महिन्याला ३,१२५ आणि बारा महिन्यांचे ३७,५०० रुपये. त्यात सत्र शुल्क आणि संगणक शुल्क तिने जुन्याच दराने मिळवले. दोन्ही मुलांचे मिळून ते ७,३०० होत होते. एकूण ४४,८०० रुपये. हा आकडा तिने दिनदर्शिकेच्या मागच्या पानावर लिहिला आणि त्या हिशोबाने भिशीत पैसे टाकण्यास आरंभ केला.

हिशोबात गुणाकार चुकला नव्हता, बेरीज चुकली नव्हती. तरी आकडा खोटा होता. ह्या शाळेत सत्र शुल्क म्हणजे प्रत्येक सत्राला एका महिन्याचे शिक्षण शुल्क, अशी रीत आहे. साहजिकच शिक्षण शुल्क वाढले की ते आपोआप वाढते. ‘तदनुषंगिक फेरबदल’ ह्या दोन शब्दांत ही गोष्ट गुंडाळून ठेवलेली होती. धाकट्याच्या सत्र शुल्कात वर्षाला ३०० रुपये आणि थोरलीच्या ४५० रुपये वाढले. ‘इतर शुल्क’ म्हणजे संगणक शुल्क. ते धाकट्याचे ६०० वरून ८०० आणि थोरलीचे १,२०० वरून १,५०० झाले. ह्या चार लहान रकमांची बेरीज १,२५० रुपये होते. खरा आकडा ४६,०५० होता.

हे १,२५० रुपये जूनमध्ये लक्षात येत नाहीत. पहिले दोन हप्ते कसेबसे जुळतात आणि तूट शेवटच्या हप्त्याच्या दिवशी, जानेवारीत, खिडकीपाशी उघडी पडते. मागे दहा माणसे उभी असतात. आतून आकडा सांगितला जातो, हातातली नोटांची घडी कमी भरते. अशा वेळी आई शाळेशी वाद घालत नाही. आपलाच हिशोब चुकला, आपल्याला टक्केवारी नीट येत नाही, असे समजून ती परत फिरते. अस्पष्ट सूचनेतला सर्वांत मोठा दोष हाच, की तिच्यामुळे होणारी चूक वाचणाराच्या पदरात पडते आणि लिहिणाराला तिचा पत्ताही लागत नाही.

ह्या शाळेत मात्र तो पत्ता मार्चमध्येच लागला. कागद लागून दोन दिवस होतात न होतात तोच त्या आईने मुख्याध्यापिकांना गाठले आणि विचारले, ‘बाई, दोघांचे मिळून चव्वेचाळीस हजार आठशे ना?’ बाईंनी आकडा मांडून पाहिला आणि त्यांना तो जुळेना. त्यांनी लिपिकाला बोलावले. शाळेच्या रिवाजाप्रमाणे लिपिकाला सर्वजण भाऊसाहेब म्हणत. ‘भाऊसाहेब, ही सूचना पुन्हा लिहू या,’ त्या म्हणाल्या. भाऊसाहेबांना वाटले, चारदोन शब्द सोपे करायचे असतील. ‘तदनुषंगिक’ काढून ‘त्याप्रमाणे’ घालावे, ‘उर्वरित’ काढून ‘राहिलेले’ घालावे, म्हणजे झाले. पण शब्द बदलूनही त्या आईचा प्रश्न सुटत नव्हता. सोप्या शब्दांतला ‘त्याप्रमाणे बदल’ हा अवघड शब्दांतल्या बदलाइतकाच अंधारात राहतो.

तेव्हा काम उलट्या टोकाने सुरू झाले. आधी सूचना नव्हे, आधी प्रश्न. पालकाला शुल्काच्या कागदातून तीन गोष्टी हव्या असतात : वर्षाचे एकूण किती, केव्हा केव्हा द्यायचे, आणि का वाढले. त्यांचा क्रमही हाच असतो. जुन्या सूचनेत तो बरोबर उलटा होता. कारणे आरंभी, रकमेचा टक्का मध्ये आणि तारखेची सावली शेवटी. लिहिणाराला समर्थन आधी करावेसे वाटते, कारण वाढीची बातमी सांगताना तो संकोचलेला असतो. पण ज्याला आकडा ठाऊक नाही त्याच्या मनात कारण शिरत नाही.

रकमेचा प्रश्न प्रथम हाती घेतला गेला. भाऊसाहेबांनी एका कागदावर प्रत्येक गटाचे जुने आणि नवे शुल्क मांडले. पहिली ते चौथी : शिक्षण शुल्क वर्षाचे १५,००० होते ते १६,८००, सत्र शुल्क दोन सत्रांचे २,५०० होते ते २,८००, संगणक शुल्क ६०० होते ते ८००. एकूण १८,१०० होते ते २०,४००. पाचवी ते सातवी : १८,००० चे २०,७००, ३,००० चे ३,४५०, १,२०० चे १,५००. एकूण २२,२०० चे २५,६५०. बेरीज होताच एक मजेची गोष्ट दिसली. दोन्ही गटांची प्रत्यक्ष वाढ सूचनेतल्या टक्क्यांहून थोडी अधिक होती. पहिल्या गटाची पावणेतेरा टक्क्यांजवळ, दुसऱ्याची साडेपंधरा टक्क्यांजवळ. कोणी लपवाछपवी केली नव्हती. टक्का एका रकाण्याचा होता आणि वाचणारे तो साऱ्या शुल्काचा समजत होते. म्हणून नव्या सूचनेतून टक्का काढूनच टाकला. टक्का ही तुलना करणाराची सोय आहे. पैसे देणाराला ‘किती होते, किती होणार, किती वाढले’ हे तीन आकडे रुपयांत पुरतात.

त्याचबरोबर काळाचे मापही एकच ठेवले. शिक्षण शुल्क महिन्याचे, सत्र शुल्क सत्राचे, संगणक शुल्क वर्षाचे आणि हप्ता तीन महिन्यांचा, अशी चार मापे एका कागदावर आली, की चांगल्या शिकलेल्या माणसाचाही गोंधळ होतो. नव्या मजकुरात सर्व आकडे वर्षाचे, आणि त्यांखाली फक्त हप्त्याचे. ‘इतर’ आणि ‘इत्यादी’ हे दोन शब्द वर्ज्य ठरले. ज्या कागदावरून पैसे घ्यायचे, त्यावर ‘इत्यादी’ हा शब्द म्हणजे न लिहिलेला आकडा होय.

तारखांकडे वळल्यावर प्रकरण अधिक रंगले. ‘शाळा उघडल्यानंतर त्वरित’ म्हणजे केव्हा? बाईंच्या मते पहिल्या आठवड्यात. भाऊसाहेबांच्या मते जून संपेपर्यंत. पालकांतला एकजण म्हणे जुलैचा पगार झाल्यावर. ‘दर तिमाहीस’ ह्या शब्दांत तर तिमाहीचा आरंभ की शेवट हेही नव्हते. पगार साधारणपणे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात होतात, म्हणून भाऊसाहेबांनी जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारी ह्या महिन्यांची १० तारीख सुचवली. बाईंनी भिंतीवरची दिनदर्शिका उतरवली. १० जुलै २०२६ हा शुक्रवार, ठीक. १० ऑक्टोबर हा शनिवार, आणि तोही महिन्यातला दुसरा. सप्टेंबर २०१५ पासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात, हे त्या बाईंना पक्के ठाऊक होते. १० जानेवारी २०२७ हा रविवार. तीनांपैकी दोन तारखा अशा, की ज्या दिवशी पालक बँकेत गेला तर त्याला दार बंद दिसावे आणि सोमवारी आला तर तो उशिरा आला असे ठरावे! दोन्ही तारखा पुढच्या सोमवारवर नेल्या : १२ ऑक्टोबर आणि ११ जानेवारी. नव्या सूचनेत प्रत्येक तारखेशेजारी वार लिहिला, त्याचे कारण हेच. तारीख टंकताना चुकली तर वार तिला पकडून देतो, आणि वाचणाराला सुट्टी पाहायला दिनदर्शिका शोधावी लागत नाही.

हप्त्यांच्या रकमा मात्र नशिबाने सरळ निघाल्या. २०,४०० चे तीन समान भाग ६,८००. २५,६५० चे ८,५५०. असे सरळ भाग पडले नाहीत, तर वरचे पाचदहा रुपये पहिल्या हप्त्यात घालून नंतरचे दोन सारखे ठेवावेत आणि तसे लिहावे. पालकाला भागाकार करायला लावू नये.

‘विलंब झाल्यास दंड’ ह्या वाक्यापाशी लेखणी अडली. दंड किती, असे बाईंनी विचारले. भाऊसाहेबांनी जुन्या वह्या काढल्या. गेल्या कित्येक वर्षांत कोणाकडूनही दंड घेतल्याची नोंद नव्हती. दराचा ठरावही नव्हता. ते वाक्य एका जुन्या सूचनेतून दुसरीत आणि दुसरीतून तिसरीत उतरत आले होते. म्हणजे अट नव्हतीच, नुसती धमकी होती; आणि तिचा परिणाम नेमका भिडस्त माणसांवर होत होता. ज्यांना अडचण असे ते दंडाच्या भयाने खिडकीकडे फिरकतच नसत आणि थकबाकी वाढत जाई. बाईंनी हा प्रश्न समितीपुढे नेला. तारखेपूर्वी येऊन सांगणाऱ्या पालकाला त्या हप्त्यासाठी एक महिन्याची मुदत द्यावी आणि दंड नसावा, असे ठरले. त्या शिवणकाम करणाऱ्या आईला ह्याचा खरा उपयोग होता. २०२६ ची दिवाळी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. तिच्या कामाचे पैसे ऑक्टोबरच्या अखेरीस हाती येणार, आणि हप्ता होता १२ ऑक्टोबरला.

येथे ह्या कामाचे मर्म उघड होते. सूचना लिहिताना जे वाक्य सरळ लिहिता येत नाही, त्यामागे बहुधा भाषेची अडचण नसते; ती गोष्ट ठरलेलीच नसते. ‘दंड आकारण्यात येईल’ ह्या कर्मणी प्रयोगात कोण आकारणार, किती आणि केव्हापासून, हे तिन्ही प्रश्न सुखाने झोपी जाऊ शकतात. वाक्य कर्तरी करून लिहू लागताच ते जागे होतात.

असाच आणखी एक झोपलेला प्रश्न कारणांत सापडला. ‘वाढती महागाई’ आणि ‘दर्जा’ हे शब्द बाजूला सारून बाईंनी भाऊसाहेबांना साधा हिशोब विचारला. वाढीतून शाळेला वर्षाला किती मिळणार आणि ते कोठे जाणार? शुल्क भरणारी मुले पहिल्या गटात २०० आणि दुसऱ्यात १६०. पहिल्या गटाचे प्रत्येकी २,३०० प्रमाणे ४ लाख ६० हजार, दुसऱ्याचे प्रत्येकी ३,४५० प्रमाणे ५ लाख ५२ हजार. एकूण १० लाख १२ हजार रुपये. त्यांतले ७ लाख ६० हजार शिक्षक आणि सेवकांच्या वेतनवाढीला, १ लाख २ हजार संगणक कक्षाची देखभाल आणि विजेला, आणि १ लाख ५० हजार पश्चिमेकडील वर्गांच्या छपराला. म्हणजे वाढीच्या दर शंभर रुपयांत सुमारे ७५ वेतनाचे, १० संगणकाचे आणि १५ छपराचे. हे एक वाक्य ‘शैक्षणिक सुविधांचा दर्जा’ ह्या शब्दांपेक्षा लांब आहे, पण त्यातून कळते मात्र सारे.

परंतु छपराचा आकडा कागदावर येताच बाई थांबल्या. वेतन दरवर्षी द्यायचे असते; छप्पर एकदा घातले की झाले. मग त्याच्यासाठी केलेली वाढ कायम कशी? हा प्रश्न कोणी तरी पालक विचारणारच, आणि तो विचारण्याजोगा आहे. एकदाच्या खर्चासाठी कायमची वाढ मागणे ही शुल्कवाढीतली नेहमीची गल्लत. ‘इमारत दुरुस्ती इत्यादी’ ह्या शब्दांखाली ती दिसत नाही. चौकशी करता कळले, की छपराचा सारा खर्च ३ लाखांचा आहे आणि तो दोन वर्षांत फेडायचा आहे. मग दोन वर्षांनंतर शुल्क ठरवताना हा भाग वजा धरावा, असा निर्णय झाला आणि तो सूचनेत लिहिला गेला.

दोन वर्षे हा काळही मनाने काढलेला नव्हता. महाराष्ट्रात शैक्षणिक संस्थांच्या शुल्काचे विनियमन करणारा २०११ चा कायदा आहे. त्याप्रमाणे व्यवस्थापनाने शुल्काचा प्रस्ताव वर्ष सुरू होण्याच्या किमान सहा महिने आधी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावयाचा असतो. ह्या समितीत प्रत्येक इयत्तेच्या पालकांचा प्रतिनिधी असतो. समितीने मान्य केलेले शुल्क दोन शैक्षणिक वर्षे बंधनकारक राहते, आणि ते मराठीत, इंग्रजीत आणि शाळेच्या माध्यमाच्या भाषेत फलकावर लावावे लागते. जुन्या सूचनेत ‘व्यवस्थापनाच्या ठरावान्वये’ एवढेच होते. त्यावरून वाढ वरून लादली गेली असा समज होई. वस्तुतः ह्या शाळेत समितीने डिसेंबरमध्ये ती तपासून मान्य केली होती. शिवाय ‘२०२६-२७ पासून’ असे लिहिल्याने पुढच्या वर्षी पुन्हा वाढ होईल की काय, ही धास्ती राहत होती. खरे पाहता पुढच्या वर्षाचा दरही निश्चित होता. कोणी तो सांगितला नव्हता, इतकेच. इतर राज्यांतील श्रोत्यांनी आपापल्या राज्याचा नियम पाहावा. तामिळनाडूत २००९ चा आणि गुजरातेत २०१७ चा असे वेगळे कायदे आहेत, आणि त्यांत शुल्क ठरवण्याची रीत निराळी आहे.

एक गोष्ट मात्र सर्वांच्या नजरेतून निसटली होती. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने राखून ठेवलेल्या २५ टक्के जागांवर आलेली मुलेही ह्याच शाळेत होती. त्यांना शुल्क नाही. पण सूचना आरंभ होत होती ‘सर्व पालकांना’ अशी. कागद वाचून एक वडील आपल्या मुलाचे नाव काढून घ्यावे लागणार काय, हे विचारायला आले होते आणि फाटकाजवळ शिपाईमामांशी बोलून परत गेले होते. ही हकीकत मामांनी सांगितली तेव्हा बाई काही वेळ गप्पच राहिल्या. सूचना कोणाला लागू नाही, हे ती कोणाला लागू आहे याइतकेच स्पष्ट लिहावे लागते.

अखेर तयार झालेली सूचना अशी होती :

‘२०२६-२७ आणि २०२७-२८ ह्या दोन वर्षांचे शुल्क.

येत्या जूनपासून शाळेचे शुल्क वाढत आहे. पहिली ते चौथीच्या विद्यार्थ्याचे वर्षाचे एकूण शुल्क १८,१०० रुपये होते. ते २०,४०० रुपये होईल. वाढ २,३०० रुपये. पाचवी ते सातवीच्या विद्यार्थ्याचे वर्षाचे एकूण शुल्क २२,२०० रुपये होते. ते २५,६५० रुपये होईल. वाढ ३,४५० रुपये. शिक्षण शुल्क, सत्र शुल्क आणि संगणक शुल्क ही तिन्ही ह्या रकमेत आली आहेत. त्यांशिवाय दुसरे शुल्क शाळा घेणार नाही. दोन्ही वर्षे हेच शुल्क राहील.

२०२६-२७ चे शुल्क तीन समान हप्त्यांत भरावे. पहिला हप्ता शुक्रवार, १० जुलै २०२६ पर्यंत. दुसरा सोमवार, १२ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. तिसरा सोमवार, ११ जानेवारी २०२७ पर्यंत. प्रत्येक हप्ता पहिली ते चौथीसाठी ६,८०० रुपये आणि पाचवी ते सातवीसाठी ८,५५० रुपये. पुढील वर्षाच्या तारखा मार्च २०२७ मध्ये फलकावर लावू.

वाढीच्या दर १०० रुपयांपैकी सुमारे ७५ रुपये शिक्षक व सेवकांच्या वेतनवाढीला, १० रुपये संगणक कक्ष व विजेला आणि १५ रुपये पश्चिमेकडील वर्गांच्या छपराला लागतील. छपराचा ३ लाख रुपयांचा खर्च दोन वर्षांत पुरा होईल. त्यानंतरचे शुल्क ठरवताना तो वजा धरला जाईल. हे शुल्क पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीने डिसेंबर २०२५ मध्ये मान्य केले आहे. हिशोब कार्यालयात पाहता येईल.

शिक्षणहक्क कायद्याच्या राखीव जागांवर प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यांना शुल्क नाही. त्यांच्या पालकांनी काही भरावयाचे नाही.

एखादा हप्ता वेळेवर भरणे कठीण असेल, तर त्या तारखेपूर्वी मुख्याध्यापिकांना भेटावे. त्या हप्त्यासाठी एक महिन्याची मुदत मिळेल. दंड नाही.’

ही सूचना जुनीपेक्षा लांब झाली, हे खरे. भाऊसाहेबांनी तशी तक्रारही केली. परंतु जुनी सूचना वाचून कार्यालयात यावे लागत होते आणि नवी वाचून घरी जाता येत होते. मग लांब कोणती?

फलकावर लावण्यापूर्वी तिची एक परीक्षा झाली. बाईंनी ती मोठ्याने वाचून शिपाईमामांना ऐकवली. कागद हातात दिला नाही. पुष्कळ घरांत सूचना मूल वाचते आणि आजी ऐकते, म्हणून जे कानाने कळत नाही ते कळलेच नाही असे धरावे. मग त्यांनी मामांना विचारले : चौथीतल्या मुलाचे वर्षाचे किती? दुसरा हप्ता कधी? छप्पर झाल्यावर काय होणार? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मामांनी लगेच दिली. तिसऱ्याला ते म्हणाले, ‘वजा करणार म्हणताय. पण शुल्क कमी होणार असं काही म्हणत नाही तुम्ही.’

मामांचे म्हणणे बरोबर होते. छपराचा भाग वजा झाला तरी वेतन वाढले असेल, तर एकूण शुल्क उतरेलच असे नाही. ते आज कोणाला सांगता येत नव्हते, म्हणून सूचनेत त्याचे वचन घातले नाही. ‘वजा धरला जाईल’ हेच शब्द ठेवले, आणि विचारणाराला त्यांचा अर्थ तेवढाच सांगायचा असे ठरले. स्पष्ट सूचनेलाही ही मर्यादा आहे. तिने वाढ कमी होत नाही. ज्याला ३,४५० रुपये जड आहेत त्याला ते स्पष्ट अक्षरांतही जडच राहतात. उलट, आकडे उघड मांडल्यामुळे हरकती अधिक येतात. ह्या शाळेतही आल्या. संगणक शुल्क दोन्ही गटांना वेगळे का, असे तिघांनी विचारले. मोठ्या वर्गांना संगणकाच्या तासिका दुप्पट असतात, हे सूचनेत लिहायला हवे होते, असे तेव्हा लक्षात आले आणि शाईने ते खाली लिहिले गेले.

त्या आईने नवा कागद मुलीकडून वाचून घेतला. ६,८०० आणि ८,५५० मिळून एका हप्त्याचे १५,३५०, असा एकच आकडा तिने दिनदर्शिकेच्या तीन पानांवर तीन तारखांपुढे लिहिला. मागचा ४४,८०० खोडून टाकला. ऑक्टोबरच्या पानावर तिने १२ ह्या तारखेभोवती खूण केली आणि शेजारी लिहिले : ‘आधी बाईंना भेटणे.’